आठ दिवसांचा प्रश्न

भाची बारावीला आहे. रविवारी सकाळी तिने मला फोनवर एका पानाचा फोटो पाठवला. पान सराव-पुस्तिकेतलं, डाव्या बाजूचं, म्हणजे शिवण उजवीकडे. वर एक तक्ता, खाली आलेख. आयोडीन-१३१ या किरणोत्सारी द्रव्याची छोटी बाटली गायगर काउंटरसमोर ठेवून दर चार दिवसांनी एकेक मिनिट केलेली मोजणी, असा तो प्रयोग. प्रश्न दोनच होते: आयोडीनचं अर्धायुष्य किती, आणि चाळीसाव्या दिवशी किती आयोडीन उरेल?

फोटोखाली तिने लिहिलं होतं, "मामा, पहिल्यांदा अर्धं व्हायला साडेआठ दिवस लागतात, दुसऱ्यांदा सव्वानऊ, तिसऱ्यांदा अकरा. अर्धायुष्य वाढत जातं का?"

हा प्रश्न मला फार आवडला. उत्तर ‘आठ दिवस’ असं पाठ असतं तर तिने पहिला आकडा आठाच्या जवळ आला म्हणून तिथेच थांबून पान उलटलं असतं. तिने आलेखावर एकदा नाही, तीनदा मोजलं. अर्धायुष्य या कल्पनेचा सगळा अर्थ त्या तीनदा मोजण्यातच आहे. कुठूनही सुरुवात करा, अर्धं व्हायला तेवढाच वेळ लागला पाहिजे. तसा लागत नसेल तर आपण जे मोजतोय ते निव्वळ आयोडीन नाही, किंवा आपली मोजण्याची रीत चुकते आहे.

तक्ता असा होता:

```
दिवस   मिनिटाला मोजणी
०      ८४०
४      ६०३
८      ४४१
१२     ३२५
१६     २?८
२०     १८२
२४     १४१
२८     ११२
३२     ९०
```

सोळाव्या दिवसाच्या आकड्यावर ट्यूबलाइटचा पांढरा डाग पडला होता. मधला अंक तीन आहे की आठ, हे फोटो कितीही मोठा केला तरी कळत नव्हतं. त्याच्याकडे नंतर येऊ.

माझा पहिला संशय कॅमेऱ्यावर होता. फोन पानाच्या वर सरळ धरला नाही की लांबची कड आखूड दिसते आणि जवळची लांब. आलेखावरची सरळ रेघ फोटोत सरळच राहते, पण सारखी अंतरं सारखी राहत नाहीत. त्यातून पुस्तक शिवणीकडे वाकलेलं असलं की तिथली घरं दाटीवाटीने बसतात. त्यामुळे स्क्रीनवर पट्टी लावून मिलिमीटरमध्ये मोजणं म्हणजे चुकीला आमंत्रण. फोटोतल्या आलेखाचं वाचन एकाच पद्धतीने करावं: आलेखाची घरं मोजायची. वक्रावरचा बिंदू पकडायचा, त्याच्या अगदी जवळची उभी रेघ पकडायची, आणि ती रेघ कितीच्या आकड्यावर उतरते ते खाली जाऊन बघायचं. घरं आकसली तर रेघाही त्यांच्याबरोबर आकसतात, म्हणून वाचन बिघडत नाही.

मी फोन करून विचारलं, तर तिने घरंच मोजली होती. शिवाय शिवण उजवीकडे होती. तिने पट्टीने मोजलं असतं तर उजवीकडची अंतरं आखूड भरली असती, म्हणजे अर्धायुष्य वाढण्याऐवजी कमी होत गेलेलं दिसलं असतं. तिची चूक बरोबर उलट्या दिशेची होती. शेवटी तक्तासुद्धा आलेखाशी जुळत होता. ८४० चं निम्मं ४२०. तक्त्यात आठव्या दिवशी ४४१ आहेत, म्हणजे ४२० ला पोचायला आठ दिवसांहून थोडं जास्त लागणारच. कॅमेरा निर्दोष सुटला.

मग नजर वक्राच्या शेपटीवर गेली. किरणोत्सारी द्रव्याचा आलेख खाली उतरत शून्याच्या रेघेला टेकायला निघालेला असतो. हा मात्र शून्याच्या बराच वर राहून आडवा व्हायला लागला होता, जणू शून्याच्या वर आणखी एखादी जमीन आहे आणि तो तिच्यावर उतरतो आहे. अशी जमीन खरोखरच असते. काउंटरसमोरून बाटली काढून घेतली तरी तो टकटक करतच राहतो. आकाशातून वैश्विक किरण येत असतात, भिंतींच्या विटांत आणि सिमेंटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमचे अंश असतात. ही मोजणी रोज साधारण तेवढीच राहते आणि प्रत्येक आकड्यात मिसळलेली असते. आयोडीन निम्मं होतं, पण भिंत निम्मी होत नाही.

ती किती होती, हे पानावर दिसत नव्हतं. पण तक्त्यातून काढता येतं. सारख्या अंतराचे तीन दिवस घ्या: शून्य, बारा आणि चोवीस. आकडे ८४०, ३२५ आणि १४१. नुसते आयोडीन असते तर पहिल्या बारा दिवसांत जितक्या पटीने घट झाली, तितक्याच पटीने पुढच्या बारा दिवसांत झाली पाहिजे. इथे पहिली घट २.५८ पट आहे आणि दुसरी २.३० पट. आता प्रत्येकातून २० वजा करून पाहू. ८२०, ३०५, १२१. घट २.६९ आणि २.५२. जवळ आलो, पण अजून जुळत नाही. ६० वजा करू. ७८०, २६५, ८१. घट २.९४ आणि ३.२७. आता पलीकडे गेलो. ४० वजा केले तर ८००, २८५, १०१, आणि घट २.८१ व २.८२. इथे ताळा बसला.

मी भाचीला म्हटलं, पानाचा खालचा भाग पुन्हा पाठव. दुसऱ्या फोटोत आलेखाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: बाटली काढून घेतल्यावरची मोजणी मिनिटाला ४०. पहिल्या फोटोत ती ओळ कापली गेली होती. ज्यांच्याकडे असे फोटो सोडवायला येतात त्यांच्यासाठी एवढं सांगतो: तक्त्याच्या आधी फोटोच्या कडा बघा. एककं, अक्षांवरची नावं आणि अशा तळटिपा कडेलाच असतात, आणि कडाच कापल्या जातात.

आता प्रत्येक आकड्यातून ४० वजा केले की उरतं ते आयोडीनचं. ८००, ५६३, ४०१, २८५, मग डागाखालचा आकडा, मग १४२, १०१, ७२ आणि ५०. आठ-आठ दिवसांनी बघा: ८००, ४०१, मध्ये डाग, १०१, ५०. निम्मं होण्याचं अंतर आता बदलत नाही. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. अर्धायुष्य वाढत नव्हतं, भिंत मोजली जात होती.

पण असं का असावं? निम्मं व्हायला दर वेळी तेवढेच दिवस का लागावेत? ‘सूत्र तसं आहे’ हे उत्तर नव्हे, सूत्र तसं का आहे हे सांगायला हवं.

१९०० साली अर्नेस्ट रदरफर्ड कॅनडातल्या मॉन्ट्रियलला मॅकगिल विद्यापीठात थोरियमपासून निघणाऱ्या एका किरणोत्सारी वायूचा अभ्यास करत होता. त्या वायूची तीव्रता साधारण एका मिनिटात निम्मी होत होती, पुढच्या मिनिटात पावपट, त्यापुढच्या मिनिटात अष्टमांश. आज आपण शिकतो तो आलेख तिथूनच आला. त्याचं कारण मात्र थोडं चमत्कारिक आहे: अणूचं केंद्रक म्हातारं होत नाही.

माणसांचं, बैलांचं, बल्बचं तसं नसतं. ऐंशी वर्षांच्या माणसाने पुढचं वर्ष पाहण्याची शक्यता वीस वर्षांच्या माणसाइतकी नसते. आयोडीन-१३१ च्या केंद्रकाला मात्र आपलं वय माहीतच नसतं. ते काल तयार झालेलं असो की महिन्यापूर्वी, येत्या चोवीस तासांत फुटण्याची त्याची शक्यता तीच, सुमारे ८.३ टक्के. शेजारची किती केंद्रकं फुटली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बाटली फ्रीजमध्ये ठेवा किंवा उन्हात, तरीही फरक पडत नाही.

एवढं मान्य केलं की बाकीचं हिशेबाने येतं. १००० केंद्रकं घेऊ. दिवसाअखेर सुमारे ९१.७ टक्के, म्हणजे हजारातली ९१७ उरतात. दुसऱ्या दिवशी ८.३ टक्के जातात ते हजाराचे नाहीत, या ९१७ चे. म्हणून ८४१ उरतात. मग ७७१, ७०७, ६४८, ५९५, ५४५, आणि आठव्या दिवशी ५००. चक्रवाढ व्याजाचा हाच हिशेब असतो, फक्त इथे रक्कम वाढण्याऐवजी घटते. जाणारा हिस्सा दर वेळी उरलेल्याचा असतो. त्यामुळे नवव्या दिवसाची सुरुवात ५०० ने झाली तरी पुढचे आठ दिवस नेमके पहिल्या आठांसारखेच जातात आणि २५० उरतात. आठ दिवसांत निम्मं झालं तर पुढच्या आठ दिवसांत सगळं संपावं, असं विद्यार्थ्यांना हमखास वाटतं. पण तसं व्हायला केंद्रकांना घाई करावी लागेल, म्हणजे म्हातारं व्हावं लागेल.

सूत्र एवढंच सांगतं:

```
N = N0 × (1/2)^(t/T)
```

इथे N0 म्हणजे सुरुवातीचं, N म्हणजे उरलेलं, t म्हणजे गेलेला काळ आणि T म्हणजे अर्धायुष्य. t/T म्हणजे अर्धायुष्यं किती उलटली, आणि तितक्या वेळा निम्मं करायचं. तीन अर्धायुष्यं उलटली तर तीन वेळा निम्मं, म्हणजे अष्टमांश.

हे पूर्ण आकड्यांना पटतं. पण चार दिवसांचं काय? अर्धं अर्धायुष्य उलटलं, तर ‘अर्ध्या वेळा निम्मं’ म्हणजे काय? भाचीने ताबडतोब सांगितलं, आठ दिवसांत ५० टक्के जातात, म्हणजे चार दिवसांत २५ टक्के, उरले ७५ टक्के. ८०० चे ७५ टक्के म्हणजे ६००. तक्त्यात मात्र ५६३ आहेत.

मी तिला फोनवरच गुणाकार करायला लावला. चार दिवसांत काहीतरी हिस्सा उरतो. पुढच्या चार दिवसांत पुन्हा तेवढाच हिस्सा उरतो, कारण केंद्रकांना वय नसतं. तो हिस्सा ०.७५ असेल तर आठ दिवसांनी ०.७५ गुणिले ०.७५, म्हणजे ०.५६ उरायला हवेत. पण उरतात ०.५. म्हणून असा आकडा हवा की त्याला त्यानेच गुणल्यावर अर्धा यावा. म्हणजे अर्ध्याचं वर्गमूळ, ०.७०७. ८०० गुणिले ०.७०७ म्हणजे ५६६. तक्त्यातल्या ५६३ च्या अगदी शेजारी. सूत्रातला अपूर्णांक घात म्हणजे हेच वर्गमूळ. आठ दिवसांचे आठ भाग केले तर अर्ध्याचं आठवं मूळ, तेच आपलं रोजचं ०.९१७. सूत्राचा खरेपणा इथे पारखला जातो, कारण पूर्ण अर्धायुष्यांवर तर चुकीची रीतसुद्धा बरोबर उत्तर देऊन जाते.

आता डागाखालचा अंक. सोळाव्या दिवशी २३८ होते की २८८? बाराव्या दिवशी निव्वळ २८५ आणि विसाव्या दिवशी १४२. सोळावा दिवस बरोबर मधला. पण म्हणून बेरीज करून निम्मं करायचं नाही, कारण वक्र खाली झोळीसारखा पडलेला असतो आणि साधी सरासरी त्याच्या वर जाते. घट गुणाकाराने होते म्हणून मधला आकडाही गुणाकारानेच काढायचा: २८५ गुणिले १४२, आणि त्याचं वर्गमूळ. ते येतं २०१. त्यात भिंतीचे ४० मिळवले की २४१. मग २३८ की २८८?

इथे अजून एक गोष्ट लागते. केंद्रकं आपापल्या मर्जीने फुटत असल्याने कुठलीही मोजणी थोडी वरखाली होणारच. साधारण फरक त्या मोजणीच्या वर्गमुळाएवढा. २४१ चं वर्गमूळ सुमारे साडेपंधरा. २३८ हे २४१ पासून तीनच दूर आहे. २८८ सत्तेचाळीस दूर आहे, म्हणजे त्या चढउताराच्या तिप्पट. डागाखाली तीनच आहे. दुसऱ्या दिवशी भाचीने मूळ पान बघून सांगितलं, तीनच होता.

अर्धायुष्य एका आकड्यात सांगायचं तर कुठून कुठवर मोजावं? पहिल्या आठ दिवसांवर भिस्त ठेवली तर फक्त दोन आकड्यांवर भार पडतो. अगदी शेवटच्या बत्तिसाव्या दिवसापर्यंत गेलो तर आयोडीनचे ५० आणि मोजणीतला चढउतार नऊ-दहा, म्हणजे पाचाला एक एवढी शंका. मी शून्य ते चोवीस घेतले. ८०० चे १०१ झाले, म्हणजे ७.९२ पट घट. तीन वेळा निम्मं केलं तर आठ पट होते, म्हणजे अर्धायुष्यं तीनाला किंचित कमी, २.९८५. चोवीसला त्याने भागलं की ८.०४ दिवस. चोवीसाव्या दिवसाच्या मोजणीत दहा-बारा इकडेतिकडे होऊ शकतात, म्हणून या पानावरून प्रामाणिकपणे म्हणता येतं ते ‘आठ दिवस, अर्धा दिवस इकडे किंवा तिकडे’. पुस्तकांत ८.०२ दिवस छापलेलं असतं. तो पुढचा ०.०२ या तक्त्यात नाही. तो आहे असं दाखवू नये.

‘उरलेलं’ या शब्दाबद्दलही थोडं सांगायला हवं. आठ दिवसांनी बाटली अर्धी रिकामी होत नाही. बंद बाटली तराजूवर ठेवली तर वजन जवळपास तेवढंच भरतं. फुटलेलं आयोडीनचं केंद्रक झेनॉन-१३१ बनतं, ते स्थिर असतं आणि काउंटरला त्याचा पत्ता लागत नाही. उरतं ते आयोडीन. मिनिटाला होणारी मोजणी आयोडीनच्या उरलेल्या केंद्रकांच्या प्रमाणात असते, म्हणूनच मोजणी निम्मी म्हणजे आयोडीन निम्मं असं म्हणता येतं. त्यालाही एक अट आहे: बाटली दर वेळी त्याच जागी, त्याच अंतरावर हवी. कोणी ती चुकून जरा पुढे सरकवली तर तक्त्यात एक पायरी येते आणि त्यानंतरचे सगळे आकडे चढे येतात. निम्मं होण्याचं अंतर मात्र पायरीच्या अलीकडे आठ दिवस आणि पलीकडेही आठ दिवसच भरतं. भिंतीची चूक आणि ही चूक यावरून वेगळ्या ओळखता येतात.

आयोडीन-१३१ हे काही पुस्तकातच राहणारं द्रव्य नाही. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, आणि थायरॉइडच्या रुग्णांना हे आयोडीन तिथे दिलं जातं. थायरॉइडच्या कर्करोगावर मोठी मात्रा दिलेल्या रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. शरीर न वापरलेलं आयोडीन लघवीवाटे बाहेर टाकतं, म्हणून त्या खोल्यांचं सांडपाणी थेट गटारात न सोडता वेगळ्या टाक्यांमध्ये साठवून ठेवतात आणि काळ जाऊ देतात. टाकीत आपलंच सूत्र चालतं. दहा अर्धायुष्यं, म्हणजे ऐंशी दिवस थांबलं की १०२४ वा हिस्सा उरतो. तो हिस्सा पुरेसा लहान आहे का, हे मात्र सुरुवातीला किती होतं यावर ठरतं. म्हणून सोडण्याआधी मोजूनच बघावं लागतं.

रुग्णाच्या शरीरात हेच सूत्र आठ दिवस घालून चालवलं तर चुकतं. तिथे आयोडीन दोन वाटांनी कमी होतं, फुटून आणि बाहेर पडून. दोन्ही वाटा मिळून निम्मं होण्याचा काळ आठ दिवसांपेक्षा कमीच भरतो. टाकीतलं पाणी आणि माणूस यांच्यात एवढा फरक आहे.

राहिला दुसरा प्रश्न, चाळीसाव्या दिवसाचा. चाळीसला आठने भागलं तर पाच. पाच वेळा निम्मं म्हणजे ३२ वा हिस्सा. ८०० चा ३२ वा हिस्सा २५. प्रश्न तिसाव्या दिवसाचा असता तर ३.७५ अर्धायुष्यं झाली असती, आणि कॅल्क्युलेटरवर ०.५ चा ३.७५ वा घात काढून ०.०७४, म्हणजे सुमारे ६० असं उत्तर आलं असतं. तक्त्यात अठ्ठाविसाव्या दिवशी ७२ आणि बत्तिसाव्या दिवशी ५० आहेत, त्यामुळे मधले ६० ठीक वाटतात.

भाचीने वहीत २५ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मग तिने विचारलं, "म्हणजे चाळीसाव्या दिवशी खरंच काउंटर लावला असता तर २५ दिसले असते?" मी काही बोलायच्या आत तिनेच २५ च्या शेजारी कंसात लिहिलं: काउंटरवर ६५, आठ इकडे किंवा तिकडे.